पैसे भरण्याआधी मोफत चाचणी कशी तपासावी : राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या टेस्ट सिरीजचं उदाहरण घेऊन

टेस्ट सिरीज विकणाऱ्या जवळपास प्रत्येक संकेतस्थळावर पहिली चाचणी मोफत असते. आपण ती सोडवतो, किती गुण पडले ते बघतो आणि त्या आकड्यावरून सिरीज घ्यायची की नाही ते ठरवतो. तयारीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही असंच केलं. पुढे काही काळ अशाच चाचण्यांचे प्रश्न तपासायचं काम मिळालं, तेव्हा लक्षात आलं की मोफत चाचणीतून विकणाऱ्याबद्दल पुष्कळ काही कळू शकतं, पण आपल्याला पडलेल्या गुणांवरून त्यातलं काहीच कळत नाही.

गेल्या खेपेला माझ्या मामेभावाने दोन संकेतस्थळं निवडून ठेवली होती आणि दोन्हींची मोफत चाचणी आम्ही मिळून तपासली. परीक्षा होती राज्यसेवेची पूर्व, म्हणजे जिला आता महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षा म्हणतात. पुढचं सगळं त्याच अनुभवावर लिहितो आहे. सरळसेवा, बँक किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना हीच पद्धत लागू पडते, फक्त प्रश्नांची संख्या आणि उणे गुणांचे नियम त्या त्या जाहिरातीतून घ्यावे लागतात.

आधी आयोगाची प्रश्नपत्रिका

मोफत चाचणी उघडण्याआधी एक काम करायचं असतं आणि नेमकं तेच सगळे टाळतात. mpsc.gov.in वर मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका असतात. सामान्य अध्ययनाच्या अलीकडच्या दोन प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. एक घड्याळ लावून सोडवा. दुसरी सोडवू नका, नुसती वाचा आणि प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने खूण करा: थेट माहिती विचारणारा, विधानं देऊन कोणती बरोबर ते विचारणारा, जोड्या लावायचा, की क्रम लावायचा. शेवटी प्रत्येक प्रकारचे किती प्रश्न आले ते मोजा. अर्धा-पाऊण तास लागतो. हा कागद जपून ठेवा, नंतर नमुना चाचणी त्याच्याशी ताडून बघायची आहे.

उत्तरतालिकाही वाचा, आणि वाचताना अंतिम उत्तरतालिका घ्या. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, त्यावर उमेदवारांच्या हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका जाहीर करतो. दोन्ही शेजारी ठेवल्या तर काही उत्तरं बदललेली आणि काही प्रश्न रद्द झालेले दिसतात. म्हणजे आयोगाच्या प्रश्नकर्त्यांकडूनही चुका होतात, पण त्या पकडून दुरुस्त करायची रीत तिथे ठरलेली आहे. टेस्ट सिरीज विकणाऱ्याकडे अशी रीत आहे का, हे पुढे बघायचंच आहे.

पहिली चाळणी

आता मोफत चाचणी उघडा. सोडवायला बसू नका, आधी सूचना वाचा. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. सीसॅटचा पेपर ८० प्रश्नांचा, तोही २०० गुणांचा, पण फक्त पात्रतेपुरता, किमान ३३ टक्के गुण मिळवायचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश वजा होतात. पूर्वी एक तृतीयांश व्हायचे. संकेतस्थळावर अजून एक तृतीयांश लिहिलेलं असेल, किंवा सीसॅटचे गुण गुणवत्तेत धरलेले असतील, तर ती चाचणी जुनी आहे आणि नवी तारीख टाकून पुन्हा विकायला काढली आहे असं धरून चला.

मुख्य परीक्षेची सिरीज बघत असाल तर हीच चाळणी आणखी सोपी आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. हा बदल २०२३ पासून होणार होता, पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तो २०२५ वर गेला. त्या मुख्य परीक्षेसाठी कोणी अजून बहुपर्यायी चाचण्या विकत असेल तर पुढे काहीच बघायची गरज नाही.

मग प्रश्नांवरून नुसती नजर फिरवा आणि बदललेल्या गोष्टी शोधा. अभिजात दर्जा मिळालेल्या भाषांची संख्या, जिल्ह्यांची नावं, फौजदारी कायद्यांची कलमं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसह पाच भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि सहाच्या अकरा भाषा झाल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अशा दोन-तीन जागा तपासल्या की प्रश्नसंच शेवटचा कधी उघडला गेला होता त्याचा अंदाज येतो. मामेभावाच्या पहिल्या संकेतस्थळावर अभिजात भाषा सहाच होत्या. मुखपृष्ठावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘नवीन अभ्यासक्रमानुसार अद्ययावत’ असं लिहिलेलं होतं.

आता सोडवा, पण दोनदा

पहिल्यांदा परीक्षेसारखं बसून सोडवा. राज्यसेवा पूर्व कागदावर होते, ओएमआर उत्तरपत्रिकेत गोल रंगवावे लागतात आणि शंभर गोल रंगवायला वेळ जातो. म्हणून चाचणी पीडीएफमध्ये मिळते का ते बघा. मिळत असेल तर छापून घ्या आणि कोऱ्या ओएमआर नमुन्यावर उत्तरं भरा. फक्त मोबाइलच्या पडद्यावर सोडवता येणारी सिरीज या परीक्षेच्या सरावाला अपुरी आहे. संगणकावर होणाऱ्या परीक्षांचं याच्या उलट असतं. तिथे पडदा, घड्याळ, ‘नंतर बघू’ची खूण, विभागवार वेळ हे सगळं खऱ्या परीक्षेसारखं असावं लागतं आणि मध्ये इंटरनेट गेलं तर भरलेली उत्तरं टिकली पाहिजेत. सोडवताना एकदा मुद्दाम इंटरनेट बंद करून बघा.

दुसऱ्यांदा सोडवायची ती गुणमोजणी तपासण्यासाठी, आणि याला पाच मिनिटं लागतात. आता उत्तरं तुमच्याकडे आहेत. मोजून दहा प्रश्नांना त्यांच्या तालिकेप्रमाणे योग्य उत्तर द्या, चार प्रश्नांना मुद्दाम चुकीचं, बाकीचे ८६ कोरे सोडा आणि चाचणी जमा करा. प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आहे, म्हणून दहा बरोबर उत्तरांचे २० गुण. एका चुकीला अर्धा गुण वजा, चार चुकांचे दोन. निकाल १८ यायला हवा. २० आला तर उणे गुण मोजलेच जात नाहीत. १७.३३ आला तर अजून जुना एक तृतीयांशाचा हिशोब चालू आहे. १८ पेक्षा बराच खाली आला तर बहुधा कोऱ्या प्रश्नांनाही चूक धरलं जातंय.

पहिल्या संकेतस्थळाने १७.३३ दाखवले. सूचनांमध्ये एक चतुर्थांश लिहिलं होतं, पण मागचा हिशोब कोणी बदललाच नव्हता. दुसऱ्याने १८ दाखवले.

सीसॅटची मोफत चाचणी असेल तर तिथेही असंच करा. एक लक्षात ठेवा, निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना आयोग उणे गुण लावत नाही. त्यातला एक प्रश्न मुद्दाम चुकवून गुण कमी होतात का ते बघितलं की पुरे.

उत्तरतालिकेची तपासणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पूर्ण एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

शंभर प्रश्न तपासायची गरज नाही. दर चौथा प्रश्न घ्या, म्हणजे ४, ८, १२ असं करत २५ प्रश्न होतात. आपले चुकलेले प्रश्न तेवढे घेऊ नका. त्यात एक फसगत आहे. तालिका चुकीची असून तुमचं उत्तरही तेच चुकीचं असेल, तर तो प्रश्न तुमच्या ‘बरोबर’ यादीत जाऊन बसतो आणि तुम्ही त्याच्याकडे पुन्हा कधी बघत नाही. अशा प्रश्नाने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण चुकीची माहिती पक्की होते. ठरावीक अंतराने प्रश्न घेतले की तोही जाळ्यात सापडतो.

प्रत्येक उत्तर मूळ ठिकाणी जाऊन बघा. राज्यघटनेचा प्रश्न असेल तर घटनेचा मजकूर, इतिहास-भूगोलाला राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं (ebalbharati.in वर मोफत आहेत) आणि ncert.nic.in वरची पुस्तकं, राज्याच्या अर्थव्यवस्थेला अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’, चालू घडामोडींना सरकारी प्रसिद्धिपत्रकं. दुसऱ्या एखाद्या क्लासच्या टिपणांवरून तपासू नका. एकाची चूक दुसऱ्याने उतरवून घेतलेली असते, आणि दोन ठिकाणी सापडली म्हणून ती खरी वाटायला लागते.

पहिल्या संकेतस्थळावरचा एक प्रश्न सांगतो. विधान अ: सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये पुण्यात झाली. विधान ब: ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र जोतीराव फुले यांनी सुरू केलं. तालिकेत उत्तर होतं, दोन्ही विधानं बरोबर. मामेभावानेही तेच लिहिलं होतं आणि त्याला दोन गुण मिळाले होते. प्रत्यक्षात ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलं. ते सत्यशोधक चळवळीचं पत्र, म्हणून फुल्यांचं असणार, असं प्रश्न लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं. हा प्रश्न बारावा होता म्हणूनच सापडला. नाहीतर तीच चूक डोक्यात घेऊन तो परीक्षेला गेला असता.

तपासताना सापडलेल्या चुका वेगवेगळ्या लिहा, कारण सगळ्या सारख्या वजनाच्या नसतात. उत्तरच चुकीचं असणं ही मोठी चूक. कालबाह्य उत्तरही तसंच. दोन पर्याय बरोबर ठरू शकतील असा ढिला प्रश्न त्याच्या खालोखाल. शुद्धलेखनाची चूक, अर्थ बदलत नसेल तर, सोडून द्या.

पहिल्या संकेतस्थळाच्या २५ प्रश्नांत दोन उत्तरं चुकीची निघाली: ‘दीनबंधु’ आणि अभिजात भाषा. दोन प्रश्न असे होते की मराठीवरून काय विचारलंय तेच कळेना. बाकी २१ ठीक. २५ मध्ये दोन म्हणजे शंभराला ढोबळमानाने आठ. इतक्या लहान नमुन्यावरून नेमका आकडा काढता येत नाही, खरे दोन-तीनही असतील आणि वीसही असू शकतील. पण आठ धरले तर काय होतं ते बघा. तुमचं बरोबर उत्तर त्यांनी चूक ठरवलं की दोन गुण जातात आणि वर अर्धा वजा होतो, म्हणजे एका प्रश्नामागे अडीच गुणांचा फरक. आठ प्रश्नांचे २० गुण होतात. पूर्वपरीक्षेत लोक एक-दोन गुणांनी बाहेर राहतात. २० गुणांनी इकडेतिकडे होणारा निकाल बघून अभ्यासाची दिशा ठरवायची, याला काही अर्थ नाही.

दुसऱ्या संकेतस्थळाच्या २५ प्रश्नांत एकही उत्तर चुकीचं निघालं नाही. मामेभाऊ खूश झाला, पण मी त्याला थांबवलं. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: तपासलेल्या नमुन्यात एकही चूक सापडली नाही, तर तीनला नमुन्याच्या संख्येने भागा, तेवढ्या प्रमाणापर्यंत चुका असू शकतात असं धरा. तीन भागिले २५ म्हणजे १२ टक्के. म्हणजे शंभरात बारा चुका असण्याची शक्यता अजून उरतेच. आम्ही आणखी २५ प्रश्न तपासले, तेही स्वच्छ निघाले, आणि ती मर्यादा सहावर आली. याच्या पुढे जायला फार कष्ट पडतात. पन्नासवर थांबलो.

दुसरी एक गोष्ट या सगळ्या आकड्यांवर भारी आहे. मोफत चाचणी हा दुकानाचा दर्शनी भाग असतो. मी काम करत होतो तिथे पहिली चाचणी अनुभवी माणसाने लिहिली आणि दोघांनी तपासली होती. पुढच्या चाचण्यांचे प्रश्न बाहेरून, प्रश्नामागे दर ठरवून लिहून घेतलेले. महिन्याला हजार प्रश्न माझ्याकडे यायचे आणि त्यातल्या प्रत्येकाला मूळ पुस्तकाशी लावून बघणं मला शक्य व्हायचं नाही. म्हणून मोफत चाचणीत सापडलेली चूक दुप्पट वजनाची धरा. शक्य असेल तर मधली चाचणी मागा. विक्री विभागाला सरळ लिहायचं: पहिली चाचणी पाहिली, आता सात किंवा आठ क्रमांकाची एक विषयवार चाचणी नमुन्यादाखल द्याल का? देणारे देतात. न देणाऱ्यांचंही काहीतरी कळतंच.

स्पष्टीकरणं वाचा

चाचणीचे पैसे खरं तर स्पष्टीकरणांसाठी द्यायचे असतात, नुसते प्रश्न तर आयोगाच्या जुन्या पत्रिकांतही आहेत. एक साधा प्रश्न घेऊन बघू. धन विधेयक विधान परिषदेने किती दिवसांत परत करावं लागतं? पर्याय १४ दिवस, एक महिना, तीन महिने, सहा महिने.

वाईट स्पष्टीकरण असं असतं: ‘धन विधेयक १४ दिवसांत परत करावे लागते, म्हणून पर्याय १ बरोबर.’ यातून काही शिकायला मिळत नाही. चांगल्या स्पष्टीकरणात कलम १९८ येईल. एक महिना आणि तीन महिने हे पर्याय कुठून आले तेही येईल: साधं विधेयक विधान परिषद पहिल्या वेळी तीन महिने रोखू शकते आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना, हे कलम १९७ मध्ये आहे. राज्यसभेलाही धन विधेयकासाठी १४ दिवसच, कलम १०९, हा धागाही जोडला जाईल. असं एक स्पष्टीकरण वाचलं की पुढचे तीन-चार प्रश्न सुटतात.

नमुन्यातली दहा स्पष्टीकरणं वाचा आणि एवढंच बघा: चुकीचे पर्याय चुकीचे का आहेत हे किती ठिकाणी सांगितलंय? दहापैकी सहा-सात ठिकाणी असेल तर चांगलं आहे. दोन-तीनच असेल तर त्या पैशांत जुन्या पत्रिका छापून घेणं जास्त उपयोगाचं.

याच वेळी सुरुवातीचा पेन्सिलीच्या खुणांचा कागद काढा आणि नमुन्याची तीच मोजणी करा. आयोगाच्या पत्रिकेत विधानांचे आणि जोड्यांचे प्रश्न बरेच असतात. नमुन्यात बहुतेक प्रश्न एका ओळीचे, ‘कोणत्या साली’, ‘कोणी स्थापन केली’ असे असतील तर गुण भरपूर पडतील आणि खऱ्या परीक्षेत वेळ पुरणार नाही. उलट टोकही असतं. एखाद्या समितीच्या सदस्यांचा अनुक्रम, अहवालाचा पृष्ठक्रमांक असलं काहीतरी विचारून चाचणी ‘कठीण’ केलेली असते. आयोगाने आजवर विचारलेल्या प्रश्नाच्या जवळपासही न जाणारे प्रश्न दहापेक्षा जास्त निघाले तर त्या कठीणपणाचा सरावाला उपयोग नाही.

मराठी कुठून आली

मराठी माध्यमातून देणाऱ्यांनी हे नक्की बघावं. पुष्कळ सिरीज इंग्रजी प्रश्नांचं यांत्रिक भाषांतर करून मराठी म्हणून विकल्या जातात. ओळखायची खूण पारिभाषिक शब्दांत सापडते. राजकोषीय तूट, चालू खात्यावरील तूट, परमादेश, शेषाधिकार, धन विधेयक हे शब्द पाठ्यपुस्तकांत आणि आयोगाच्या पत्रिकांत ठरलेले आहेत. त्या जागी ‘सध्याच्या खात्याची कमतरता’ किंवा ‘पैशाचे बिल’ वाचायला मिळालं की समजायचं. दुसरी खूण नकारांत असते. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही असे नाही’ असलं वाक्य माणूस लिहीत नाही. परीक्षेत तुम्हाला ठरलेले शब्द दिसणार आहेत, आणि सहा महिने वेगळे शब्द वाचले तर ऐन वेळी क्षणभर अडखळायला होतं.

दुसऱ्या संकेतस्थळाची अडचण इथेच निघाली. राज्यव्यवस्था आणि इतिहासाचे प्रश्न सुरेख मराठीत होते, अर्थव्यवस्थेचे मात्र भाषांतरित. लिहिणारे वेगळे असणार हे उघड होतं.

दावे आणि क्रमांक

‘आमच्या चाचण्यांमधून ४२ प्रश्न जसेच्या तसे आले’ हा दावा सगळीकडे दिसतो. तीस चाचण्यांच्या सिरीजमध्ये तीन हजार प्रश्न असतात. अभ्यासक्रमातल्या बहुतेक घटकांवर काही ना काही त्यात असणारच. म्हणून विचारायचं असतं ते त्या ४२ प्रश्नांची यादी: चाचणीचा क्रमांक, प्रश्नाचा क्रमांक आणि शेजारी आयोगाचा प्रश्न. यादी मिळाली तर पाच जोड्या वाचून बघा. बहुतेक वेळा विषय एक असतो आणि विचारलेली गोष्ट वेगळी.

यशस्वी उमेदवारांच्या फोटोंबद्दल आता नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची हमी देता येत नाही, आणि यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी. त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता, तो पैसे देऊन घेतला होता का, हेही सांगायला हवं. फोटोखाली ही माहिती नसेल तर तो उमेदवार फक्त एका मोफत मुलाखत-सरावाला आलेला असू शकतो.

राज्यभरातला क्रमांक दाखवतात त्याचं काय करायचं? दुसऱ्यांदा मुद्दाम १८ गुण घेऊन चाचणी जमा केली होती ना, तेव्हा दाखवलेला क्रमांक बघा. १८ गुणांवर तुम्ही मधल्या निम्म्यात असाल, तर त्या गटात गंभीरपणे सोडवणारे फार नाहीत. मग त्या क्रमांकाने हुरळू नका आणि खचूही नका.

पीडीएफ टिपणांबद्दल थोडक्यात सांगतो. नमुना म्हणून नेहमी पहिलं प्रकरण देतात, तुम्ही मधली चार पानं मागा. त्यातलं एखादं सात-आठ शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. ते जसंच्या तसं पाठ्यपुस्तकात सापडलं तर तुम्ही मोफत पुस्तकाचे पैसे देत आहात.

चूक कळवून बघा

सापडलेली एक स्पष्ट चूक, मूळ संदर्भासह, त्यांना लिहून पाठवा आणि चार दिवस थांबा. माझ्या मते विकणाऱ्याचा खरा स्वभाव यात जितका दिसतो तितका बाकी कशात दिसत नाही. ‘दीनबंधु’बद्दल पहिल्या संकेतस्थळाचं उत्तर दोन तासांत आलं, त्यात सवलतीचा कोड होता आणि चुकीबद्दल अवाक्षर नव्हतं. दुसऱ्याला आम्ही अर्थव्यवस्थेच्या एका प्रश्नाच्या भाषेबद्दल लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: प्रश्न बदलला आहे, पडताळून बघा. आम्ही बघितलं, बदलला होता. पण प्रश्न बदलल्यावर आधी सोडवलेल्यांना ते कळतं का, असं विचारलं तेव्हा ‘नाही’ असं प्रामाणिक उत्तर मिळालं. चांगल्या ठिकाणी दुरुस्त्यांची यादी तारखेनिशी लावलेली असते. ती असेल तर आवर्जून वाचा. दुरुस्त्या भरपूर दिसल्या म्हणून बिचकू नका, तपासणारं कोणी आहे असा त्याचा अर्थ होतो.

पैसे भरताना

एवढ्यावर आम्ही ठरवलं ते असं: दुसऱ्या संकेतस्थळाच्या फक्त राज्यव्यवस्था आणि इतिहासाच्या विषयवार चाचण्या घ्यायच्या, अर्थव्यवस्थेसाठी आर्थिक पाहणी आणि आयोगाचे जुने प्रश्न, आणि पूर्ण लांबीच्या सरावाला आयोगाच्याच मागच्या पत्रिका. वर्षभराचा मोठा संच स्वस्त पडत होता, तो नाकारला. मोठा संच घेतला की निकृष्ट विषयांच्या चाचण्याही ‘पैसे दिलेत’ म्हणून सोडवल्या जातात.

मुदत नीट वाचा. आयोगाच्या परीक्षा पुढे जातात हे सगळ्यांनी अनुभवलंय. सिरीज ‘परीक्षेपर्यंत’ आहे की ठरावीक तारखेपर्यंत, हे लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. चाचण्यांचं वेळापत्रक तारखांसह आहे का, आणि आजवरच्या तारखा पाळल्या गेल्या का, हेही बघा. ‘फक्त आज, उरले दोन तास’ असं घड्याळ दिसलं तर पान बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा. खोटी घाई आणि सदस्यत्वात अडकवणं या दोन्ही गोष्टी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या क्लृप्त्यांत मोडतात. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ क्रमांकाला करता येते.

‘सात दिवस मोफत’ म्हणताना कार्ड किंवा यूपीआय मागितलं तर काय मंजूर करताय ते वाचूनच पिन टाका. एक रुपयाच्या व्यवहारासोबत दर महिन्याच्या वसुलीची परवानगी जोडलेली असते. मंजूर करून झालं असेल तर यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा विभाग उघडा, त्या संकेतस्थळाचं नाव शोधा आणि सातवा दिवस उजाडायच्या आत ती परवानगी रद्द करा. संकेतस्थळावरचं खातं नुसतं बंद केल्याने ती आपोआप रद्द होईल असं धरून चालू नका. रद्द झाल्याचा संदेश येईपर्यंत अ‍ॅप बंद करू नका.